पावसाळी शनिवार-रविवारी घरात दोघं, तिघं की चौघं? त्याप्रमाणे तीन खेळ

यवतेश्वरचा घाट धुक्यात आणि कास-ठोसेघरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग, अशा शनिवारी साताऱ्यात बरीच घरं दार लावून आत बसतात. संध्याकाळी वीज गेली की मोबाइलही फार वेळ साथ देत नाही. या वेळी घरात खेळायचे तीन खेळ सांगतो आहोत. निवड करताना एकच गोष्ट पाहिली, ती म्हणजे घरात खेळायला माणसं किती. दोघं असतील तर नवकंकरी, तिघं असतील तर पाच-तीन-दोन आणि चौघं असतील तर मेंढीकोट. पत्त्यांचे दोन्ही खेळ अनेकांनी लहानपणी पाहिलेले असतात. नवकंकरी मात्र आता फार थोड्या घरांत उरली आहे, म्हणून तिच्यासाठी जास्त जागा दिली आहे.

१. आधी हे सामान गोळा करा

- पत्त्यांचा एक कॅट, ५२ पानांचा
- जुन्या दिनदर्शिकेचं एक मोठं पान, कोऱ्या पाठीचं
- मार्कर किंवा जाड पेन, आणि पट्टी
- ९ चिंचोके आणि ९ खडे (किंवा दोन रंगांची प्रत्येकी ९ बटणं)
- गुण लिहायला वही
- बॅटरीचा दिवा

कॅट बाहेर काढल्यावर पहिलं काम म्हणजे पानं मोजणं. रंगवार लावा, प्रत्येक रंगाची १३ पानं भरली पाहिजेत. एखादं पान हरवलं असेल तर जोकरवर पेनानं त्याचं नाव लिहा आणि चालवा, फक्त ते जोकर कोणत्या पानाऐवजी आहे हे सगळ्यांना सांगून ठेवा. पावसाळ्यात कागदी पानं दमट होतात आणि एकमेकांना चिकटतात. पिसताना दोन पानं जोडीनं सरकतात, वाटताना एकाला पान जास्त जातं आणि अर्धा डाव झाल्यावर ते लक्षात येतं. तसं होत असेल तर पानं एका ताटात पसरा, चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरा आणि कोरड्या फडक्यानं एकेक पान पुसून घ्या.

नवकंकरीचा पट पूर्वी खडूनं जमिनीवर काढायचे. या दिवसांत शहाबादी फरशी ओलसर असते, खडू पुसट होतो आणि खेळता खेळता रेघा हाताला लागून जातात. म्हणून कागदच बरा.

२. दोघांसाठी: नवकंकरी

या खेळाचे पट सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर आणि जुन्या देवळांच्या दगडी फरसबंदीवर कोरलेले सापडतात. पुढच्या वेळी गडावर गेलात तर पायऱ्यांकडे आणि देवळाच्या ओट्याकडे बघून चाला, एकात एक तीन चौकोन दिसले तर तो हाच खेळ.

*पट काढणं.* बाहेरचा चौकोन २४ सेंटिमीटरचा, त्याच्या आत १६ चा आणि सगळ्यात आत ८ चा काढा. तिन्ही चौकोनांचा मध्य एकच हवा, म्हणजे दोन चौकोनांमध्ये चारी बाजूंनी ४ सेंटिमीटर जागा राहील. आता चारही बाजूंच्या मधल्या बिंदूंना जोडणारी रेघ बाहेरच्या चौकोनापासून आतल्या चौकोनापर्यंत ओढा आणि तिथंच थांबा. दोन चुका इथं हमखास होतात. एक तर ही रेघ आतल्या चौकोनातून आरपार नेली जाते. दुसरं म्हणजे कोपरे तिरक्या रेघेनं जोडले जातात. तिरक्या रेघांचा वेगळा खेळ आहे, त्यात सोंगट्याही जास्त लागतात. आपल्या पटावर कोपरे आणि मध्यबिंदू मिळून २४ घरं झाली पाहिजेत.

शिकेपर्यंत घरांना आकडे द्या. बाहेरच्या चौकोनाचा वरचा डावा कोपरा १, त्याच्या उजवीकडचा मध्य २, मग कोपरा ३, आणि असंच घड्याळाच्या दिशेनं ८ पर्यंत. मधल्या चौकोनाला त्याच क्रमानं ९ ते १६, आतल्याला १७ ते २४. विषम आकडा म्हणजे कोपरा, सम आकडा म्हणजे मध्य. २, १० आणि १८ ही तीन घरं वरच्या बाजूला एका उभ्या रेघेवर येतात. ती तशी आली नाहीत तर आकडे चुकले आहेत.

*खेळण्याची रीत.* एकाचे ९ चिंचोके, दुसऱ्याचे ९ खडे. आळीपाळीनं एकेक सोंगटी कुठल्याही रिकाम्या घरात ठेवायची. एकाच रेघेवरच्या तीन घरांत आपल्या तीन सोंगट्या आल्या की ओळ झाली. ओळ झाली की समोरच्याची एक सोंगटी उचलायची आणि ती पुन्हा खेळात येत नाही. मात्र त्याच्या ओळीत बसलेली सोंगटी उचलता येत नाही. त्याच्या सगळ्याच सोंगट्या ओळींत असतील तरच तिला हात लावायचा.

नऊच्या नऊ ठेवून झाल्या की सरकवणं सुरू होतं. रेघेनं जोडलेल्या शेजारच्या रिकाम्या घरात एक घर सरकायचं, उडी मारायची नाही. इथंही ओळ झाली की एक उचलायची. ज्याच्या दोनच सोंगट्या उरतात तो हरतो, आणि ज्याला सरकायला एकही घर राहत नाही तोही हरतो. तीन सोंगट्या उरलेल्याला कुठंही उडी मारायची मुभा द्यायची की नाही, हे पहिली सोंगटी ठेवण्याआधी ठरवा. डाव शेवटाला आला की याच नियमावरून वाद होतात. नवख्यांनी उडी ठेवावी. तिच्यामुळे मागे पडलेल्यालाही शेवटपर्यंत बाजी असते.

*कुठल्या घराची किंमत किती.* कोपऱ्यातल्या सोंगटीला सरकायला दोनच वाटा असतात. बाहेरच्या आणि आतल्या चौकोनाच्या मध्यबिंदूंना तीन असतात. मधल्या चौकोनाच्या मध्यबिंदूंना, म्हणजे १०, १२, १४ आणि १६ या घरांना, चार. लहान मुलं पहिल्या सोंगट्या कोपऱ्यात ठेवतात, कारण तिथं ओळ डोळ्यांना चटकन दिसते. सरकवणं सुरू झालं की त्या सोंगट्या अडकतात. सुरुवात या चार घरांपैकी एकापासून करा.

*एक डाव उलगडून पाहू.* चिंचोकेवाला पहिला.

चिंचोका १० वर. खडा १४ वर. चिंचोका १२ वर. इथवर दोघांचं बरोबर आहे.

आता खडेवाल्याला वाटतं की आपणही मध्याचं घर धरावं, म्हणून तो १६ वर ठेवतो. वरवर पाहिलं तर चाल चांगली आहे, पण डाव इथंच हातातून जातो. चिंचोकेवाला ११ वर ठेवतो. ११ हा कोपरा दोन रेघांवर आहे. एका रेघेवर ९, १०, ११ आणि दुसरीवर ११, १२, १३. दोन्ही रेघांवर दोन-दोन चिंचोके झाले आणि खडेवाल्याच्या हातात चाल एकच आहे. त्यानं १३ अडवलं तर चिंचोका ९ वर येतो, ओळ होते. त्यानं ९ अडवलं तर चिंचोका १३ वर येतो, ओळ होते.

कोणता खडा उचलायचा तेही बघा. खडा १३ वर आला तेव्हा १३ आणि १४ मिळून खडेवाल्याची पुढची ओळ १५ वर होणार होती. म्हणून ९ वर ओळ केल्यावर १४ चा खडा उचलायचा. त्यानं ९ अडवलं असेल तर धोका ९-१६-१५ या रेघेवर असतो, तेव्हा १६ चा उचलायचा. ओळ झाल्याच्या आनंदात हाताला लागेल तो खडा उचलला तर पुढच्याच चालीला समोरच्याची ओळ होते.

मग खडेवाल्यानं काय करायला हवं होतं? दुसरा खडा ११ वर. समोरच्याच्या दोन सोंगट्या ज्या कोपऱ्यावर मिळतात तो कोपरा आधी धरायचा. ठेवण्याच्या पहिल्या भागात प्रत्येक चालीआधी एवढंच तपासलं तरी नवखा माणूस झटपट हरत नाही.

*सरकवतानाची ताकदवान मांडणी.* तुमचे चिंचोके १, ३, ९ आणि ११ वर आहेत आणि पाचवा २ वर आहे, असं समजा. १-२-३ ही ओळ झालेली आहे. आता २ वरचा चिंचोका १० वर सरकवा. ९-१०-११ ही ओळ झाली, एक खडा उचला. पुढच्या चालीला तोच चिंचोका परत २ वर, पुन्हा ओळ, पुन्हा एक खडा. म्हणजे प्रत्येक चालीला समोरच्याचा एक खडा जातो.

या मांडणीला एकच भोक आहे. चिंचोका २ वर असताना १० रिकामं असतं आणि १८ वरचा खडा तिथं शिरू शकतो. तो शिरला की येरझाऱ्या थांबल्या. त्यामुळे १० वरून २ वर परतताना १८ वर खडा असेल तर पहिल्यांदा तोच उचला. तो खडा त्याच्या ओळीत बसलेला असेल तर मात्र परतू नका, दुसरी सोंगटी सरकवा. समोरच्याच्या तीनच सोंगट्या उरल्या आणि उडीचा नियम ठेवला असेल, तर तो कुठूनही येऊन बसू शकतो. तेव्हा ही मांडणी तितकी सुरक्षित राहत नाही.

दोघंही जपून खेळले तर डाव बरोबरीत सुटतो. राल्फ गासर या संशोधकानं १९९३ मध्ये संगणकाच्या मदतीनं हे सिद्ध केलं. त्यामुळे पहिली चाल कोणाची यावरून भांडायचं कारण नाही. त्याच त्या चाली तीनदा झाल्या की बरोबरी धरायची, असं ठरवून ठेवा, नाहीतर दोन हट्टी माणसं दिवसभर सोंगट्या मागे-पुढे करत बसतात.

३. तिघांसाठी: पाच-तीन-दोन

कॅटमधून सगळ्या दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी आणि छक्की काढा. चौकट आणि किलवरच्या सत्त्याही काढा. इस्पिक आणि बदामच्या सत्त्या ठेवायच्या. ३० पानं उरतील, प्रत्येकाला १०.

वाटणाऱ्यानं दोन हात करायचे, त्याच्या उजवीकडच्यानं पाच आणि तिसऱ्यानं तीन. आधी पाच-पाच पानं वाटायची. पाच हातवाला आपल्या पाच पानांकडे बघून हुकूम बोलतो, मग उरलेली पानं वाटायची आणि त्यानंच उतारी करायची. रंग असेल तर रंग द्यायचाच. नसेल तर हुकमानं मारा किंवा दुसरं पान टाका. पुढचा डाव उजवीकडच्यानं वाटायचा, म्हणजे हातांची जबाबदारी फिरत राहते.

पाच पानांवर हुकूम ठरवणं नवख्याला जड जातं. एकाच रंगाची तीन पानं असतील आणि त्यात एक्का किंवा राजा असेल, तर तोच रंग बोला. दोन रंग सारखेच वाटत असतील तर चौकट किंवा किलवर घ्या. त्या रंगांची खेळात सातच पानं आहेत. तुमच्याकडे तीन असली तर बाहेर चार राहतात. इस्पिक-बदामची आठ आहेत, म्हणजे बाहेर पाच.

खरी गंमत डाव संपल्यावर येते. समजा पाचवाल्यानं चार हात केले, तीनवाल्यानं पाच आणि दोनवाल्यानं एक. तीनवाल्याचे दोन हात जास्त झाले आणि बाकीच्या दोघांचा एकेक कमी पडला. पुढचा डाव वाटून झाला की तीनवाला त्या दोघांच्या हातातून न बघता एकेक पान ओढतो आणि बदल्यात आपल्याकडचं नको असलेलं पान देतो. ओढलेलं पान परत देता येतं का आणि बदल्यातलं पान त्याच रंगाचं हवं का, हे घरोघरी वेगळं असतं. त्यामुळे मामेभाऊ आणि शेजारी एकत्र बसले असतील तर आधीच ठरवा. किती पानं ओढायची ते वहीत लगेच लिहा. पुढची पानं हातात आली की कोणाचंच आठवण्याकडे लक्ष नसतं.

४. चौघांसाठी: मेंढीकोट

समोरासमोर बसलेले दोघे भिडू. ५२ पानं, प्रत्येकाला १३, आधी पाच, मग चार आणि चार. वाटप आणि खेळ उजवीकडून. सगळा खेळ चार दश्श्यांसाठी आहे, त्यांनाच मेंढ्या म्हणायचं. तीन किंवा चार मेंढ्या ज्या बाजूला जातील ती बाजू जिंकली. दोन-दोन झाल्या तर सात किंवा जास्त हात ज्यांचे ते जिंकले. चारही मेंढ्या एका बाजूला गेल्या की मेंढीकोट झाला. पुढचा डाव हरलेल्या बाजूनं वाटायचा.

हुकूम ठरवायच्या दोन रीती आहेत. बंद हुकमात एक जण पान पालथं ठेवतो आणि ते नंतर उघडतं. नवख्यांनी कट हुकूम घ्यावा. त्यात सुरुवातीला हुकूमच नसतो. ज्याच्याकडे उतारीचा रंग नसतो, तो जे पान टाकेल त्याचा रंग हुकूम होतो. इथं घाईनं हाताला येईल ते हलकं पान टाकलं तर नको तो रंग हुकूम होऊन बसतो. एखाद्या रंगाचं शेवटचं पान खेळतानाच ठरवून ठेवा की आता आपल्यावर वेळ आली तर कोणता रंग टाकायचा. तुमच्याकडे ज्याची पानं जास्त आणि वरची आहेत, तो.

आता मेंढी कधी द्यायची ते पाहू. भिडूनं बदामचा एक्का उतरला. मधल्यानं बदाम चव्वी दिली. तुमच्याकडे बदामची दश्शी आणि अठ्ठी आहे, तुमच्यानंतर एक जण खेळायचा आहे. बदाम पहिल्यांदाच उतरला असेल तर दश्शी द्या. तेरा पानं चौघांत असताना पहिल्याच फेरीला कोणी बदाममध्ये रिकामा असण्याची शक्यता कमी आहे, हात भिडूचाच होणार. तोच रंग तिसऱ्यांदा उतरत असेल तर हिशेब बदलतो. तोवर आठ पानं गेलेली असतात आणि शेवटचा माणूस हुकूम मारून हात आणि मेंढी दोन्ही नेऊ शकतो. तिसऱ्या फेरीला अठ्ठी द्या.

हातात एखाद्या रंगाची दश्शी एकटीच असेल तर ती सगळ्यात धोक्यात असते. विरुद्ध बाजूच्यानं त्या रंगाचा एक्का उतरला की ती द्यावीच लागते. हुकूम ठरल्यानंतर भिडूचा हात पक्का दिसत असेल आणि तुमच्याकडे उतारीचा रंग नसेल, तर अशी दश्शी तिथंच टाकून मोकळे व्हा. ज्या दश्शीचा एक्का, राजा, राणी आणि गुलाम अजून बाहेर आहेत, ती स्वतः कधी उतरू नका.

दिव्याच्या पिवळट उजेडात बदाम आणि चौकट यांची गफलत होते आणि रंग असून न दिल्याचा प्रकार घडतो. पानं लावताना इस्पिक, बदाम, किलवर, चौकट असा काळा-लाल क्रम ठेवला तर दोन लाल रंग शेजारी येत नाहीत. लहान मुलांच्या मुठीत तेरा पानं मावत नाहीत, त्यांना पानं उभी ठेवायला पुढ्यात एक जाड पुस्तक द्या. रंग असून दुसरं पान टाकलेलं पुढच्या उतारीच्या आत लक्षात आलं तर ते परत घेऊ द्या. नंतर लक्षात आलं तर त्या हातातली मेंढी समोरच्या बाजूला, असा नियम चालतो. जिंकलेल्या मेंढ्या हातांच्या ढिगात न मिसळता समोर उघड्या ठेवा, म्हणजे कोणाला किती हव्यात हे चौघांनाही खेळताना दिसत राहील.